टोमॅटो खालून काळा पडलाय? फवारणीआधी फोटो नीट बघा

टोमॅटोचा फोटो टाकून 'कोणतं औषध मारू?' असं अनेक जण विचारतात. त्याआधी बघा, डाग फळाच्या कोणत्या बाजूला आहे?

देठाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे बुडाशी, काळपट, कोरडा आणि किंचित खोलगट डाग असेल तर तो बहुधा 'ब्लॉसम एंड रॉट' असतो. हा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशकाने जात नाही. डागावर नंतर बुरशी वाढते आणि फोटोत तीच दिसते, म्हणून फसगत होते.

खरं कारण म्हणजे फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडणं. मग बीड जिल्ह्यातल्या तलवाड्याकडच्या काळ्या रानात असं का व्हावं? अशा जमिनीत चुना सहसा भरपूर असतो. पण कॅल्शियम पाण्यासोबत वर चढतं आणि त्यातलं बहुतेक पानांकडे जातं. रान सुकलं की फळ उपाशी राहतं.

म्हणून आठवड्यातून एकदा भरपूर पाणी देण्यापेक्षा ठिबकने थोडं थोडं, नियमित द्या. आच्छादन करा, युरिया बेताने टाका. डागाळलेली फळं सुधारत नाहीत, ती तोडा. फरक नव्या फळांत दिसेल.

देठाजवळ तडे असतील तर कोरड्या रानाला अचानक जास्त पाणी मिळालेलं असतं. बुडाशी वेडेवाकडे, खडबडीत व्रण म्हणजे 'कॅटफेस'. कळी तयार होताना थंडी पडली की तो होतो.