विश्लेषण : वीस खोल्यांच्या हॉटेलला चादरी किती लागतात? ‘तीन पार’चा हिशेब बुधवारी का कोसळतो?

पुणे स्टेशन, शिवाजीनगर किंवा डेक्कन परिसरातील छोट्या हॉटेलांत दुपारी एकच्या सुमारास एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘रूम तयार होतेय, दहा मिनिटं बसा.’ खोली झाडून-पुसून झालेली असते, पण गादीवर घालायला चादर नसते. हॉटेलने चादरी घेतलेल्या असतात, पण त्या त्या वेळी दुसरीकडेच असतात.

‘पार’ म्हणजे काय?

हॉटेलातील सगळ्या खोल्या एकदा पूर्ण सजवायला लागणारे कापड म्हणजे एक पार. २० डबल खोल्या आणि प्रत्येक खोलीत दोन चादरी (एक गादीवर, एक पांघरुणाखाली), दोन उशांचे अभ्रे आणि दोन मोठे टॉवेल धरले, तर एका पारात प्रत्येकी ४० नग येतात. एक पार खोलीत, एक धुलाईत आणि एक कपाटात, असे ‘तीन पार’चे सूत्र या धंद्यात पूर्वापार चालते. हॉटेलची स्वतःची लाँड्री असेल आणि आजचे कापड उद्या सकाळी परत येत असेल, तर ते पुरतेही. शहरातली बरीच छोटी हॉटेले मात्र धुलाई बाहेर देतात. तिथे गणित बदलते.

बुधवारी नेमके काय होते?

समजा, लाँड्रीचा टेम्पो दुपारी बाराला येतो आणि कापड ४८ तासांनी, संध्याकाळी परत देतो. रोज १५ खोल्यांच्या चादरी बदलाव्या लागतात. तीन पार म्हणजे ६० संच. त्यांतले २० खोल्यांत, म्हणून सोमवारी सकाळी कपाटात ४०. सोमवारी १५ निघाले, उरले २५. मंगळवारी १५ निघाले, उरले १०. बुधवारी दुपारी हवेत १५ आणि हातात आहेत १०. पाच गाद्या उघड्या. सोमवारची बॅग येणार संध्याकाळी, पाहुणा मात्र दुपारीच काउंटरवर उभा.

म्हणून पारचा आकडा पाठ करण्यापेक्षा लाँड्रीचे दिवस मोजावेत. खोल्यांतले २० संच, त्यात तीन दिवसांच्या बदलाचे ४५ मिळवले की ६५ होतात. टेम्पो एक दिवस चुकलाच तर आणखी १५ हवेत. एकूण ८०, म्हणजे चार पार. नगांत सांगायचे तर १६० चादरी आणि १६० अभ्रे.

हा चुकलेला दिवस पुण्यात काल्पनिक नाही. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक २४ तासांहून अधिक चालते आणि मध्यवर्ती भागातले रस्ते वाहनांना बंद असतात. पालख्यांच्या मुक्कामातही तेच. अशा वेळी टेम्पो कुठून येणार? नेमकी त्याच दिवसांत हॉटेले भरलेली असतात.

टॉवेलचा आकडा वेगळा का?

मुक्काम वाढवलेल्या पाहुण्याची चादर एक-दोन दिवस तशीच चालते, टॉवेल मात्र बहुधा रोज बदलतो. चादरी १५ खोल्यांच्या बदलत असतील, तर टॉवेल १८ खोल्यांचे धरावेत. २० अधिक ५४ अधिक एका दिवसाचे राखीव १८ असे ९२ संच, म्हणजे १८४ टॉवेल होतात. पावसाळ्यात जाड टेरी कापड नीट वाळत नाही. लाँड्री घाई करते आणि अर्धवट सुकलेली घडी कपाटात जाऊन कुबट वास धरते. असा वास यायला लागला, की बहुतेक वेळा साठा कमी पडत असून कापड धावपळीत फिरवले जात आहे, असे समजावे.

हरवलेले नग कसे सापडतात?

महिन्यातून एकदा खोली, कपाट आणि मळक्या कापडाचा ढीग एकाच वेळी मोजायचा. लाँड्रीकडे असलेले नग चलनावरून घ्यायचे. एक जागा सकाळी आणि दुसरी संध्याकाळी मोजली, तर तीच चादर दोनदा मोजली जाते आणि तूट झाकली जाते. समजा, सुरुवातीला १६० चादरी होत्या, नवी खरेदी नाही आणि फाटल्या म्हणून सहा काढल्या. हिशेबाने १५४ हव्यात. मोजणीत १४७ भरल्या, तर सात गहाळ आहेत.

संशय आधी पाहुण्यांवर जातो, पण पहिली नजर चलनावर टाकावी. डाग न निघाल्याने लाँड्रीने परत धुवायला ठेवलेले नग पुढच्या चलनात लिहिले गेले नाहीत, तर ते कागदावरूनच नाहीसे होतात. दुसरी वाट घरातलीच आहे. फडके हाती नसले, की चांगल्या टॉवेलनेच फरशी पुसली जाते. बाद चादरी कापून फडकी करून ठेवणारी हॉटेले हा प्रकार बऱ्यापैकी टाळतात.

खरेदी मात्र एकदम १६० नगांची करू नये, कारण मग सगळे एकाच हंगामात विरतात. सोलापूरहून टॉवेल मागवले तर दर खेपेच्या काठाला वेगळ्या रंगाचा टाका घालून घेता येतो. आणि वजन तपासावे. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा टॉवेल काट्यावर साधारण ४४० ग्रॅम भरायला हवा. ३८० भरला, तर पैसे जाड टॉवेलचे घेऊन पातळ माल दिला गेला आहे.