प्रश्न काढणाऱ्याच्या खुर्चीत बस

पुणे

प्रिय मनू,

स्पर्धेचं परिपत्रक आणि गाइडच्या पानांचे फोटो मिळाले. तू आणि तुझी मैत्रीण अशी दोघींची टीम, आधी लेखी चाळणी, मग निवडक टीम मंचावर आणि शेवटी बझर फेरी. परिपत्रक मी दोनदा वाचलं. "ताई, एवढं सगळं पाठ कसं करू?" असं तू विचारलंस. पाठ करायला बसूच नकोस. त्या गाइडमध्ये एका ओळीचा प्रश्न, एका शब्दाचं उत्तर, अशी पानंच्या पानं आहेत. त्यातलं उत्तर फक्त त्याच शब्दांत विचारलेल्या प्रश्नाला उपयोगी पडतं. प्रश्न जरा फिरवून आला की पाठांतर हात वर करतं.

आधी गाइडच्या आतल्या पानावर आवृत्तीचं साल बघ. तू पाठवलेल्या फोटोत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ लिहिलेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हापासून ते ३६ आहेत. म्हणजे हा मजकूर त्याआधीचा आहे, आणि त्यातला बदलू शकणारा प्रत्येक आकडा संशयाने वाचायला हवा. राज्यं किती, केंद्रशासित प्रदेश किती, कुठल्या यादीत आपली किती ठिकाणं, हे सगळं बदलतं. ब्रह्मगिरीवरून गोदावरी निघते, हे बदलत नाही. तेव्हा पेन्सिलने दोन खुणा कर: बदलणाऱ्यावर फुली, न बदलणाऱ्यावर टिक. फुलीवाली माहिती शाळेच्या संगणकावर सरकारी किंवा त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरून ताजी करून घे आणि शेजारी तारीख लिही.

आता अभ्यास कसा करायचा, ते एकाच विषयावर दाखवते. विषय आहे महाराष्ट्रातली जागतिक वारसा स्थळं. युनेस्कोच्या यादीत आपल्या राज्याशी संबंधित सात नोंदी आहेत. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये, घारापुरीची लेणी १९८७ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये, पश्चिम घाट २०१२ मध्ये, मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ मध्ये आणि मराठ्यांचे १२ किल्ले २०२५ मध्ये. तुझ्या गाइडमध्ये शेवटच्या दोन नसणारच.

ही यादी वाचून पुढचं पान उलटू नकोस. प्रश्न काढणाऱ्याच्या खुर्चीत बस आणि विचार कर, यातलं वेगळं कोण? तो नेहमी वेगळेपणाच शोधत असतो. सातांपैकी सहा माणसांनी घडवलेली आणि एकच निसर्गाची, तो पश्चिम घाट. झाला एक प्रश्न. सातांपैकी दोन नोंदी राज्याच्या हद्दीबाहेरही पसरल्या आहेत. पश्चिम घाटाच्या नोंदीत केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या जागाही आहेत, आपल्याकडच्या कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी तमिळनाडूत. जिंजी तिकडे कशी, असा प्रश्न पडला की राजाराम महाराज आठवतात. रायगड मोगलांच्या हाती गेल्यावर त्यांनी तिथून राज्यकारभार केला आणि मोगलांचा वेढा कित्येक वर्षं चालला. एका नावामागे इतिहासाचा अख्खा धडा आला, आणि तो तुझ्या पुस्तकात आहेच.

मग फसवे प्रश्न शोध. घारापुरी मुंबईच्या बंदरात आहे, बोट गेटवेहून सुटते. पण बेट येतं रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. "मुंबई शहर जिल्ह्यात किती वारसा स्थळं?" या प्रश्नावर बरेच जण इथेच घसरतात. दुसरा सापळा लोणारचा. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर उल्का आदळून झालेलं, जगभर माहीत असलेलं. म्हणून ते जागतिक वारसा यादीत असणार, असं वाटतं. तिथे ते नाही. २०२० मध्ये ते रामसर यादीत गेलं, आणि ती यादी पाणथळ जागांची, अगदी निराळ्या कराराची. दोन याद्यांमधला हा फरक वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेव, कारण पर्यायांमध्ये लोणार टाकायचा मोह प्रश्न काढणाऱ्याला होतोच.

असा विषय हाताळला की न वाचलेल्या प्रश्नाचंही उत्तर काढता येतं. समजा, लेखी फेरीत विचारलं: पुढीलपैकी कोणता किल्ला २०२५ च्या त्या नोंदीत नाही? विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी, जंजिरा. बारा नावं आठवत नाहीत, असं धर. तरी नोंद कशाची आहे, ते आठव: मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेची. चारही किल्ले पाण्याशी जोडलेले, म्हणून तिथे फरक सापडत नाही. कोणाच्या ताब्यात होते, ते बघ. जंजिरा सिद्दीचा, मराठ्यांनी वारंवार प्रयत्न केले, पण तो त्यांना कधी घेता आला नाही. खांदेरी तर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये सिद्दी आणि मुंबईकर इंग्रज या दोघांवर वचक बसवायलाच बांधायला घेतला. उत्तर जंजिरा. यादी पाठ असलेल्या मुलीलाही हेच उत्तर मिळेल, पण तिचं एखादं नाव विसरलं तर तिच्याकडे दुसरी वाट नाही.

वही अशी ठेव. पानाच्या डाव्या अर्ध्यावर तू काढलेला प्रश्न, उजव्या अर्ध्यावर उत्तर, आणि मध्ये घडी. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू दुमडून प्रश्न वाच आणि उत्तर मोठ्याने म्हण, मगच घडी उघड. चुकलेल्यावर ठिपका दे. तीन-चार दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. ठिपकेवाले प्रश्न मात्र रोज. नुसतं पुन्हा पुन्हा वाचलं तर चालणार नाही का, असं तू म्हणशील. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा भास होतो, तो मंचावर उतरतो. म्हणून रात्री पुस्तक मिटलं की कोऱ्या कागदावर त्या दिवसाचा विषय आठवेल तसा लिही, मग रिकाम्या राहिलेल्या जागा पुस्तकातून भर.

आता बझर. परिपत्रकात बरोबर उत्तराला १० गुण आणि चुकीला ५ वजा असं आहे. म्हणजे तीन प्रयत्नांत एक बरोबर आणि दोन चूक आले, तर मिळवलेले दहा तिथेच संपतात. तीनात एकदा तरी बरोबर येईल, याहून जास्त खात्री असेल तरच बटण दाब. दोन उत्तरांमध्ये अडकली असशील तर दाबायला हरकत नाही. चार नावं डोक्यात फिरत असतील तर हात मागे ठेव. शेवटच्या दोन-तीन प्रश्नांना मात्र हे गणित बदलतं: पुढे असाल तर जपून खेळा, बरेच मागे असाल तर धोका पत्करा, कारण गप्प बसूनही हार ठरलेलीच असते. गुण कितीही असोत, स्पर्धेच्या दिवशी आयोजकांना दोन गोष्टी विचारून घ्या: प्रश्न पूर्ण होण्याआधी बटण दाबलं तर ते पुढचं वाचतात का, आणि पहिलं बोललेलं उत्तर धरतात की नंतरचं.

घाई कुठे करायची, हे एका प्रश्नावर बघ. "एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली, एका राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तिचं नाव मिळालेली आणि १९९६ मध्ये नाव बदललेली मुंबईतली ही इमारत मुळात कोणत्या रेल्वे कंपनीचं मुख्यालय म्हणून बांधली?" स्टीव्हन्स ऐकताच बटण दाबणारी मुलगी अडकते, कारण समोरच्या महापालिकेच्या इमारतीचा आराखडाही त्यांचाच. राणीचा सुवर्णमहोत्सव आला की इमारत पक्की होते, ते आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. बहुतेक मुलं इथे दाबतात, इमारतीचं नाव सांगतात आणि पाच गुण घालवतात, कारण विचारलंय वेगळंच. आपल्या भाषेत "कोणत्या", "किती", "का" हे शब्द अनेकदा वाक्याच्या शेवटाकडे येतात. तो शब्द ऐकेपर्यंत बोट बटणावर ठेव, पण दाबू नकोस. "कोणत्या रेल्वे" ऐकलंस की दाब: ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे.

हा सराव एकटीने होत नाही. मैत्रिणीला सांग की तिने प्रश्न सावकाश वाचावा. तू टेबलावर टिचकी मारलीस की तिथेच थांबावं. मग आधी "काय विचारणार आहेत" ते सांग, नंतर उत्तर. पुढच्या प्रश्नाला अदलाबदल. विषयही वाटून घ्या: तू इतिहास-भूगोल, तिने विज्ञान आणि खेळ. चालू घडामोडी मात्र दोघींनी वाचायच्या, कारण त्यात कोणाची बाजू दुबळी आहे ते ऐनवेळीच कळतं. मंचावर दोघींची उत्तरं जुळली नाहीत तर कोणाचं द्यायचं, हेही आधीच ठरवा. ज्याचा विषय त्याचं उत्तर, हा नियम सोपा आणि भांडण टाळणारा.

स्पर्धेला अजून महिना आहे. नद्या, धरणं, संतसाहित्य, अंतराळ, अन्नघटक, क्रीडा असे थोडेच विषय निवड आणि प्रत्येकाला वारसा स्थळांसारखं उलटसुलट करून बघ. रविवारी मी फोन करेन तेव्हा नद्यांवर तू काढलेले दहा प्रश्न मला विचार. मी पहिल्या फटक्यात उत्तर दिलेला प्रश्न खोडून टाक आणि त्याजागी अवघड प्रश्न काढ.

आईला आणि बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई