गॉगलची चमक कुठवर कामाची?

गॉगलच्या स्टँडसमोर उभं राहिलं की नजर आधी आरशासारख्या काचांवर जाते. निळी, सोनेरी, केशरी, चंदेरी. बाजारात या काचेला ‘मर्क्युरी’ म्हणतात, पण त्यात पारा अजिबात नसतो. ‘उन्हाला चालेल ना?’ असं विचारलं की विक्रेता गॉगल हातात फिरवून चमक दाखवतो आणि गिऱ्हाइकाचं समाधान होतं. मात्र उन्हातून डोळ्यापर्यंत दोन निराळ्या गोष्टी येतात. एक दिसणारा प्रकाश, ज्याने डोळे दिपतात. दुसरे अतिनील किरण, जे दिसत नाहीत आणि वर्षानुवर्षं डोळ्याची हानी करत राहतात. आरशाचं काम पहिल्या गोष्टीपुरतं आहे. दुसरीबद्दल ती चमक काहीच सांगत नाही.

हा आरसा तयार कसा होतो ते पाहिलं की मर्यादाही कळते. काचा एका बंद पेटीत घुमटासारख्या चौकटीवर लावतात, आतली हवा काढून घेतात आणि क्रोमियमसारख्या धातूची किंवा टायटॅनियम आणि सिलिकॉन यांच्या ऑक्साइडची वाफ करून ती काचांवर बसू देतात. रंगीत आरशासाठी या ऑक्साइडचे थर एकावर एक चढवतात. प्रत्येक थर साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, म्हणजे सगळे मिळूनही केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आगेमागेच. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जसे रंग उमटतात, तसेच या थरांमुळे उमटतात. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग वाढतात, काही मावळतात. थराची जाडी थोडी बदलली की निळ्याचा सोनेरी होतो.

म्हणून समोरच्याला दिसणारा निळा रंग घालणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते मुख्यतः आरशाखालच्या मूळ काचेच्या रंगातून. ती राखाडी असेल तर जग थोडं मंद दिसतं, पण रंग जवळपास खरे राहतात. तपकिरी असेल तर जग उबदार दिसतं. गाडी चालवणाऱ्याने गॉगल निवडताना बाहेरचा रंग न बघता तो डोळ्याला लावून सिग्नलचे लाल, पिवळे, हिरवे दिवे नीट वेगळे दिसतात का ते बघावं.

आता एक गॉगल हिशेबाला घेऊ. मूळ राखाडी काच १०० पैकी २५ भाग प्रकाश आत सोडते. तिच्यावरचा आरसा आलेल्या प्रकाशातले ४० भाग बाहेरच परतवतो. उरलेल्या ६० भागांपैकी काच पाव हिस्सा सोडते, म्हणजे डोळ्यापर्यंत १५ भाग पोचतात. गॉगलच्या आंतरराष्ट्रीय मानकात (आयएसओ १२३१२-१) ० ते ४ अशा श्रेणी आहेत. १८ ते ४३ टक्के प्रकाश सोडणारी काच दुसऱ्या श्रेणीत बसते, ८ ते १८ टक्के सोडणारी तिसऱ्या. आपली काच आरशाविना दुसऱ्या श्रेणीत होती, आरशामुळे तिसऱ्या श्रेणीत गेली. भर उन्हासाठी, वाळूवर किंवा पाण्यावर जाण्यासाठी तिसरी श्रेणी योग्य. आरशाचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो लहान नाही. काच फार काळी न रंगवता प्रखरता आणखी खाली आणता येते. तेच काम जास्त गडद काचही करू शकते. फरक असा की गडद काच प्रकाश शोषून घेते आणि आरसा तो परत पाठवतो. चौथ्या श्रेणीत फक्त ३ ते ८ टक्के प्रकाश आत येतो. ती बर्फाळ उंच डोंगरांसाठी असते, आणि ती लावून दिवसाही गाडी चालवू नये.

अतिनील किरण अडवण्याचं काम काचेच्या मूळ पदार्थाचं असतं. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक रंग न देताही सुमारे ३८० नॅनोमीटरपर्यंतचे किरण शोषतं. अॅक्रिलिकमधून अतिनील शोषणारं द्रव्य न मिसळल्यास त्यातले बरेच किरण आत येतात. साधी काच अतिनील ‘बी’ किरण बऱ्याच अंशी अडवते, पण ‘ए’ किरण मोठ्या प्रमाणात सोडते. ‘यूव्ही ४००’ याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण जवळपास पूर्ण अडतात. रंगाचा गडदपणा आणि हे संरक्षण यांचं नातं नाही. पूर्ण पारदर्शक पॉलिकार्बोनेट चष्मा काळ्याकुट्ट पण शोषक नसलेल्या अॅक्रिलिकपेक्षा डोळ्याला जास्त सुरक्षित ठरतो.

उलट काळ्या काचेत एक धोका आहे. उन्हात आपण डोळे आपोआप बारीक करतो, बाहुलीही आकसते. ती डोळ्याची स्वतःची ढाल. गडद काचेमागे डोळ्याला सावली वाटते, पापण्या सैल होतात, बाहुली रुंदावते. काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते या मोकळ्या वाटेने आत शिरतात. स्वस्त गॉगल म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही. साध्या पॉलिकार्बोनेटचे कमी किमतीचे कितीतरी गॉगल हे काम चोख करतात. पण किंमत, काळोखी किंवा चमक यांतली एकही खूण यासाठी विश्वासाची नाही.

मग ओळखायचं कसं? बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत अतिनील किरण मोजणारं छोटं यंत्र असतं. गॉगल त्यात ठेवला की काच किती किरण सोडते ते आकड्यात दिसतं. मोजून द्यायला सांगण्यात संकोच करू नये. घरी एक ढोबळ चाचणीही करता येते. नोटा तपासण्याच्या अतिनील टॉर्चखाली नोटेच्या क्रमांकाची जागा आणि कागदातले बारीक तंतू चमकतात. टॉर्च आणि नोट यांच्या मध्ये गॉगलची काच धरल्यावर ही चमक जवळपास विझली तर काच बरंच काम करते. मात्र बाजारातले अनेक टॉर्च ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात, आणि फक्त ३८० पर्यंत अडवणारी ठीकठाक काचही त्यात थोडी चमक सोडेल. ३६५ चा टॉर्च असेल तर निकाल जास्त भरवशाचा. टॉर्चचा झोत डोळ्यात कधीच घेऊ नये.

वर गडद आणि खाली फिकी होत जाणारी शेडेड काच ही वेगळी गोष्ट आहे. काच उलटी टांगून तिचा वरचा भाग गरम रंगाच्या भांड्यात हळूहळू खालीवर करतात. जो भाग जास्त वेळ बुडतो तो जास्त रंग पितो. वरची बाजू गडद आणि खालची मोकळी ठेवण्यामागची गरज वैमानिकांची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रे-बॅनने अमेरिकी वैमानिकांसाठी फक्त वरच्या भागाला आरसा दिलेली काच काढली. आकाशाची प्रखरता वर अडावी आणि समोरचे घड्याळासारखे मापक खालून स्पष्ट दिसावेत, हा हेतू. गाडी चालवताना स्पीडोमीटर वाचणाऱ्यालाही तोच फायदा मिळतो.

पण ही काच ऊन वरूनच येतं असं गृहीत धरते. तारकर्लीच्या किनाऱ्यावर दुपारी उभं राहा. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के परतवतो. ताजा बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत. पाण्यावरून, वाळूवरून, गाडीच्या बॉनेटवरून येणारी तिरीप नेमकी काचेच्या फिक्या भागातून डोळ्यात घुसते. वर १२ टक्के प्रकाश सोडणारी काच खाली ४५ टक्के सोडत असेल, तर खालच्या बाजूला ती पहिल्या श्रेणीचा हलका चष्माच ठरते. समुद्रावर, होडीत किंवा बर्फात सबंध काच एकसारखी गडद असलेला गॉगल घ्यावा. शेडेड काच शहरातल्या वापराला आणि गाडीला चांगली.

एक गैरसमज इथेही आहे. खालचा भाग फिका म्हणून तिथून अतिनील किरण जास्त येतात असं नाही. शोषक द्रव्य मूळ प्लास्टिकमध्ये असेल तर वरून आणि खालून संरक्षण सारखंच मिळतं, फक्त प्रकाश जास्त येतो. याच कारणाने आरशाचा थर निघाला तरी अतिनील संरक्षण जात नाही. उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर प्लास्टिक बरंच फुगतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर तेवढा फुगत नाही, आणि मग काचेवर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. घाम, खारं पाणी आणि शर्टाच्या टोकाने पुसणं यांनीही आरसा झिजतो. अशा काचेतून धूसर दिसतं, ते रस्त्यावर धोक्याचं.

पाण्यावरची आणि ओल्या रस्त्यावरची झगमग आरशाने नाहीशी होत नाही. ती फक्त बाकी सगळ्याबरोबर मंद होते. ती वेगळी काढायला पोलराइज्ड काच लागते. ओळखायला मोबाइलच्या पडद्यासमोर गॉगल धरून हळूहळू फिरवावा. एका कोनात पडदा काळवंडला तर काच पोलराइज्ड आहे. आरसा आणि पोलराइज्ड दोन्ही एकाच काचेत असू शकतात, पण एक असलं म्हणून दुसरं असतंच असं नाही.

काचेच्या बाजूने येणाऱ्या उन्हाकडे आपण फारच कमी लक्ष देतो. कानशिलाकडून शिरलेला प्रकाश बुबुळाच्या वक्र पारदर्शक पडद्यातून वाकून डोळ्याच्या नाकाकडच्या कडेवर एकवटतो. डोळ्यावर मांस वाढण्याचा आजार बहुधा त्याच बाजूला सुरू होतो, आणि त्यामागे हे कारण मानलं जातं. समोरचा आरसा त्यावर काहीच करू शकत नाही. उलट मागून आलेला प्रकाश काचेच्या आतल्या बाजूने आरशावर आपटून डोळ्यात परततो, आणि घालणाऱ्याला स्वतःच्याच डोळ्याची सावली काचेत दिसते. काचेच्या मागच्या बाजूला प्रतिबिंबरोधक थर असेल तर हा त्रास कमी होतो. चेहऱ्याला लपेटून बसणारी चौकट आणि रुंद काठाची टोपी यांनी बाजूचं ऊन आरशाच्या कोणत्याही रंगापेक्षा जास्त अडतं.

ग्रहण पाहायला मात्र यातलं काहीही वापरू नका. तिसऱ्या श्रेणीची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते. सूर्याकडे थेट बघण्याच्या गाळणीने ०.००३२ टक्क्यांहून जास्त सोडता कामा नये. दोन आरशाचे गॉगल एकावर एक चढवले तरी त्याच्या जवळपासही पोचता येत नाही. संध्याकाळनंतर गाडी चालवतानाही आरशाचा गॉगल काढून ठेवा. मानकानुसार ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश सोडणारी काच तिन्हीसांजेला आणि रात्री गाडी चालवायला चालत नाही.