आधी मार्ग, मग नाव

बँक स्टेटमेंटच्या फोटोतून व्यवहार ओळखताना आधी नाव शोधण्याचा मोह होतो. माझ्या मते सुरुवात पैसे कोणत्या मार्गाने गेले इथून करावी. `UPI/DR/412345678901/SHREE GA/SBIN/` ही नमुन्यादाखल नोंद पाहा. `UPI` म्हणजे खात्यातून हस्तांतर, `DR` म्हणजे पैसे गेले, पुढे 12 अंकी संदर्भ क्रमांक. `SBIN` हा घेणाऱ्याच्या बँकेचा संकेत. घाईत तोच घेणारा समजला जातो. नाव `SHREE GA` इथेच तुटले आहे. पुढे गणेश की गजानन, हे या नोंदीवरून ठरत नाही. अन्यत्र `POS` कार्ड सुचवते, काही बँकांत `ATW` एटीएममधून काढलेली रोख.

प्रत्येक बँकेची धाटणी वेगळी, मग नियम कसला, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, म्हणून संक्षेपांची यादी बँकेगणिक करावीच लागते. पण काही खुणा सगळीकडे टिकतात. फोटोत एक नोंद दोन ओळींत मोडली असेल, तर तारखेच्या रकान्यावरून त्या ओळी आधी जोडाव्यात. तरीही `UPI` च्या संदर्भ क्रमांकात 11 च अंक भरले, तर वाचन चुकले. एनईएफटीच्या नोंदीत आयएफएससी असेल, तर त्यातले पाचवे अक्षर शून्यच असते. तिथे `O` वाचला गेला तर बेधडक बदला. तुटलेले नाव मात्र अंदाजाने पुरे करू नका, ‘अपूर्ण’ असा शेरा मारा.