हवेची गळती, विजेचे बिल : बचतीच्या दाव्यातील आकडे कसे तपासावेत?

‘कॉम्प्रेसरच्या हवेची गळती थांबवा, खर्च तीन महिन्यांत वसूल होईल,’ अशा आशयाचे ई-मेल ऊर्जा लेखापरीक्षण करणारे सल्लागार लघुउद्योजकांना पाठवितात. गळतीमुळे होणारे नुकसान खरे असते. मात्र ई-मेलमधील हिशेब पडताळून पाहणे आवश्यक असते.

गळती मोजण्याची रीत सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी हवेवर चालणारी सर्व यंत्रे बंद ठेवून केवळ कॉम्प्रेसर चालवावा. तो किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोड राहतो, याची नोंद घ्यावी. हवेचा वापर शून्य असल्याने लोडवरचा सर्व वेळ गळती भरून काढण्यातच जातो. समजा, दहा मिनिटांपैकी अडीच मिनिटे तो लोडवर राहिला, तर गळती क्षमतेच्या २५ टक्के ठरते. वेग बदलून चालणाऱ्या कॉम्प्रेसरला मात्र ही पद्धत लागू पडत नाही.

आता एक नमुना हिशेब पाहू. कॉम्प्रेसर लोडवर २२ किलोवॅट वीज घेतो, वर्षाला ४,८०० तास चालतो आणि विजेचा दर प्रतियुनिट ८ रुपये आहे. सल्लागार २२ किलोवॅटचे २५ टक्के काढून वर्षाला २६,४०० युनिट, म्हणजे २ लाख ११ हजार २०० रुपयांची बचत दाखवितो. दुरुस्तीचा खर्च ४५ हजार रुपये धरल्यास तो अडीच महिन्यांच्या आसपास वसूल होतो.

या हिशेबात दोन त्रुटी आहेत. गळती कधीच पूर्ण थांबत नाही. ती २५ वरून १० टक्क्यांवर आली, तरी बचत १५ टक्क्यांचीच धरावी लागते. शिवाय अनलोड असतानाही मोटर फिरतच असते. त्या वेळी ती ७ किलोवॅट वीज घेत असेल, तर प्रत्यक्ष फरक १५ किलोवॅटचाच उरतो. त्याचे १५ टक्के म्हणजे २.२५ किलोवॅट. त्यानुसार वर्षाला १०,८०० युनिट, म्हणजेच ८६,४०० रुपये वाचतात आणि खर्च वसूल होण्यास सुमारे सव्वासहा महिने लागतात.

काम तरीही फायद्याचेच ठरते. परंतु अपेक्षित बचत निम्म्याहून कमी होते. दर धरतानाही केवळ प्रतियुनिट आकार व त्यावरील कर घ्यावेत. एकूण बिलाला युनिटने भागून काढलेल्या दरात स्थिर आकारही मिसळतो आणि तो गळती थांबविल्याने सहसा कमी होत नाही.

उत्पादनानुसार बिल कमी-जास्त होत असल्याने केवळ बिलावरून बचत कळत नाही. त्यासाठी कॉम्प्रेसरला स्वतंत्र मीटर बसवून दुरुस्तीपूर्वीची व नंतरची नोंद ठेवावी. कपलिंग आणि होजचे सांधे पुन्हा सैल होतात. त्यामुळे दर तीन महिन्यांनी साबणाच्या पाण्याने सांधे तपासून हीच दहा मिनिटांची चाचणी करावी. गळती पुन्हा वाढू लागली, तर परतफेडीचा कालावधीही लांबतो.