पाचशे डॉलर निघाले, हातात किती पडले?

नाशिकमधली एक तरुणी सॉफ्टवेअरवर इंग्रजी पॉडकास्ट करते. अमेरिकेतली एक कंपनी तिची प्रायोजक आहे आणि ती दरमहा ५०० डॉलर पाठवते, असं समजू. सोयीसाठी डॉलरचा बाजारभाव ८५ रुपये धरला, तर ४२,५०० रुपये यायला हवेत. तिच्या खात्यात मात्र ३९,८५७ जमा होतात. पासबुकात दिसतो तो हा एकच आकडा. उरलेले २,६४३ रुपये कुठे गेले, हे तिला स्वतःच शोधावं लागतं.

सर्वांत मोठा तुकडा भारतात पोचण्याआधीच गेलेला असतो. कंपनीची बँक आणि तिची बँक यांचं एकमेकींकडे खातं नसेल, तर पैसे मधल्या एखाद्या बँकेमार्फत येतात आणि ती आपलं शुल्क त्याच रकमेतून कापून घेते. आपण ते २० डॉलर धरले आहेत, म्हणजे १,७०० रुपये. शुल्क कोणी सोसायचं, हे पाठवणाऱ्याच्या फॉर्मवर ठरतं. तिथे SHA असेल तर मधलं शुल्क पैसे घेणाऱ्याच्या माथी येतं, OUR असेल तर पाठवणारा भरतो. तरीही OUR लिहिलं म्हणजे दर वेळी पूर्ण रक्कम येतेच असं नाही. कमी आली तर प्रायोजकाकडून व्यवहाराची स्विफ्ट प्रत मागवावी. किती पाठवले आणि शुल्क कोणाच्या नावे टाकलं, हे त्यात दिसतं. बँकेकडे तक्रार करायची तर हाच कागद कामाला येतो.

उरलेले ४८० डॉलर तिची बँक विकत घेते, पण ८५ ने नव्हे. बँकेचा खरेदी दर ८३.८० असेल, तर डॉलरमागे १.२० रुपया, एकूण ५७६ रुपये तिथे जातात. याला कुणी शुल्क म्हणत नाही, त्यामुळे ते कुठल्याच पावतीवर येत नाहीत. ते ओळखायचे तर बँकेच्या सूचनापत्रावरचा दर त्या दिवशीच्या संदर्भ दराशी ताडून पाहावा. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी तो जाहीर करते. फरक मोठा दिसला तर शाखेत दर सुधारून मागता येतो. नियमित रक्कम येणाऱ्या ग्राहकाला बँका बऱ्याचदा थोडा बरा दर देतात, पण न मागता क्वचितच. राहिलेल्या ३६७ रुपयांपैकी २९५ हे बँकेचं शुल्क, करासह धरलेलं, आणि सुमारे ७२ रुपये चलन बदलण्यावरचा जीएसटी.

या हिशेबात २० डॉलर आणि २९५ रुपये ठोक आहेत. रक्कम वाढली तरी ते तेवढेच राहतात. म्हणून तिने तीन महिन्यांचे १,५०० डॉलर एकदम मागवले, तर एकूण तूट सुमारे ३,९७० रुपये होते. दरमहा मागवले असते तर तीच ७,९२९ झाली असती. निम्मा तोटा केवळ वेळापत्रक बदलल्याने वाचतो. अर्थात तीन महिन्यांचं येणं कंपनीकडे अडकून राहतं, त्यामुळे कंपनी भरवशाची असेल तरच हे करावं.

वॉलेट पद्धतीच्या पेमेंट सेवांचं गणित उलटं असतं. त्यात मधली बँक नाही, पैसे लवकर येतात, पण कापणी टक्क्यांत होते. कमिशन ४.४ टक्के अधिक ३० सेंट आणि दरातला फरक ३ टक्के धरला, तर ५०० डॉलरचे ३९,३८६ रुपये हातात येतात. इथे तीन महिन्यांचे एकत्र मागवून जवळजवळ काहीच वाचत नाही. उलट ५० डॉलरच्या छोट्या प्रायोजकासाठी हीच सेवा बरी, कारण २० डॉलरचं ठोक शुल्क त्या रकमेचा घासच घेईल.

तिसरा मार्ग अलीकडे रुळला आहे. काही सेवा तुम्हाला अमेरिकेतला खाते क्रमांक देतात. प्रायोजक तिथे देशांतर्गत व्यवहारासारखे पैसे भरतो आणि सेवा ते रुपयांत बदलून तुमच्या खात्यात पाठवते. बाजारभाव आणि १ टक्का शुल्क मिळालं, तर जीएसटी धरून तूट ५०० रुपयांच्या आसपास राहते. माझं मत याच मार्गाकडे झुकतं, मात्र करार करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. एक, शुल्काशिवाय दरातही काही कापलं जातं का? दोन, प्रत्येक रकमेमागे परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र मिळतं का? सेवा निर्यातीवर जीएसटी सवलत दाखवताना ते लागतं.

त्यासाठी आलेल्या पैशाचं कारणही बरोबर नोंदवलेलं हवं. जाहिरात सेवेचा कोड P1007 आहे. बिलावर 'देणगी' न लिहिता कोणत्या भागात कोणती जाहिरात केली ते लिहावं, कारण ही व्यवसायाची मिळकत आहे. संस्थांनी तर हे काटेकोर पाळावं. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते, आणि ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते.