वीस फुटांचा फ्लेक्स आणि आटोपशीर फाइल

गावच्या वाचनालयाच्या शताब्दीसाठी २० फूट रुंद आणि १० फूट उंच फ्लेक्स करायचा आहे, असे समजू. छपाई म्हटली की इंचामागे ३०० पिक्सेल हवेतच, हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. तो इथे लावून पाहा. रुंदी २४० इंच, म्हणजे ७२,००० पिक्सेल, उंचीत ३६,०००. एकूण सुमारे २५९ कोटी पिक्सेल झाले. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येकी एक बाइट धरला, तर हे चित्र दहा जीबीच्या वर जाते. जेपीजीत तर ते मावतही नाही, कारण त्याची मर्यादा ६५,५३५ पिक्सेल रुंदीची आहे.

३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या पानासाठी आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा दिसतो. त्यावरून सोपा हिशेब निघतो: ३४३८ या संख्येला पाहणाऱ्याच्या इंचांतील अंतराने भागायचे. एका फुटावर उत्तर २८६ येते, म्हणजे तोच जुना तीनशेचा नियम. दहा फुटांवर मात्र २९ पुरतात आणि रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून पाहणाऱ्याला दहासुद्धा. फ्लेक्स प्रवेशद्वाराशी, माणसे अगदी जवळून जातील असा लावायचा असेल, तर आकडा वाढवावा. म्हणूनच फ्लेक्स कुठे लागणार हे आधी विचारायला हवे.

आता वाचनालयाच्या इमारतीचा फोटो घेऊ. मोबाइलने काढलेला, ४००० बाय ३००० पिक्सेलचा. फ्लेक्सवर तो १२ फूट रुंद हवा, म्हणजे १४४ इंचांत ४००० पिक्सेल, इंचामागे २८. दहा फुटांसाठी ठीक. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा आला, तर आकाराने बराच लहान होऊन येतो. तो मूळ फाइल म्हणूनच, डॉक्युमेंट करून मागवावा. संस्थापकांचा फोटो जास्त अवघड. जुन्या अल्बममधला, जेमतेम दीड इंच रुंदीचा, आणि फ्लेक्सवर तो तीन फुटांचा करायचा. ३०० वर स्कॅन केला तर ४५० पिक्सेल मिळतात, ३६ इंचांत पसरले की इंचामागे साडेबारा, आणि चेहरा धूसर होतो. १२०० वर स्कॅन केला तर इंचामागे ५० मिळतात. जुन्या फोटोतच बारकावा नसेल तर तो स्कॅनरही आणू शकत नाही, पण असलेला तरी हरवत नाही. लहान स्कॅन संगणकात ताणून पिक्सेल वाढवल्याने मात्र फाइल फुगते, चेहरा तसाच राहतो.

अक्षरे आणि बोधचिन्ह यांना हा हिशेब लागूच नाही. ती रेषा म्हणून, म्हणजे व्हेक्टर राहिली तर कितीही मोठी छापा, कडा धारदार येतात आणि वजनही नगण्य. फॉन्ट कर्व्ह करून द्यावेत, म्हणजे छापखान्यात जोडाक्षरे फुटत नाहीत. पूर्ण फ्लेक्सचा जेपीजी करून पाठवला की हा सगळा फायदा जातो. अक्षरांमागच्या सावल्यांवरही लक्ष ठेवावे, कारण त्या पिक्सेलच्या असतात. खऱ्या मापाच्या पानावर सावलीचे रिझोल्यूशन ३०० ठेवले, तर फाइल तिथेच सुजते.

राहिले पानाचे माप. पीडीएफमध्ये माप पॉइंटमध्ये, म्हणजे इंचाच्या ७२व्या भागात मोजतात, आणि जुन्या मर्यादेनुसार पान १४,४०० पॉइंटपर्यंत, म्हणजे २०० इंचांपर्यंतच जाते. आपल्याला २४० इंच हवेत. पीडीएफच्या १.६ आवृत्तीपासून एकक मोठे करायची सोय आहे:

```
/MediaBox [0 0 8640 4320]
/UserUnit 2
```

इथे प्रत्येक एकक दुप्पट धरले जाते आणि पान नेमके २० बाय १० फुटांचे होते. पण एखादे सॉफ्टवेअर दुसरी ओळ वाचतच नाही, आणि मग फ्लेक्स निम्म्या मापाचा निघतो. त्यामुळे छापखान्याने तशी हमी दिली नसेल, तर मी एकास दहा प्रमाणच निवडेन. पान २४ बाय १२ इंचांचे करावे आणि फाइलच्या नावातच ‘एकास दहा, १०००% वर छापा’ असे लिहावे.

मात्र या लहान पानावर एक सापळा असतो. इंचामागे २८ पिक्सेलचा आपला फोटो इथे २८० दिसतो. पीडीएफ करताना ‘सर्वांत लहान फाइल’ असा पर्याय निवडला, तर तो बहुधा १०० वर आणला जातो, म्हणजे खऱ्या मापाला फक्त १०. स्क्रीनवर पूर्ण पान पाहताना काहीच खटकत नाही. चूक कळते ती छापल्यावर. म्हणून चित्रांचे रिझोल्यूशन कमी करण्याची खूण काढून, फक्त चांगल्या दर्जाचे जेपीजी कॉम्प्रेशन ठेवावे.

फाइल पाठवण्यापूर्वी अ‍ॅक्रोबॅटमध्ये पानाचे माप पाहावे आणि संस्थापकांचा चेहरा १००० टक्के झूमवर आणावा. झूमचे टक्के स्क्रीनच्या मापाशी जुळत असतील तर तो पट्टीने मोजल्यास तीन फुटांच्या हिशेबात येतो. मग खुर्चीवरून उठून दहा फूट मागे जावे. तिथूनही डोळ्यांच्या कडा विरघळलेल्या दिसल्या, तर फोटो पुन्हा स्कॅन करावा, किंवा फ्लेक्सवर त्याला तीनऐवजी दोनच फूट द्यावेत.